पायरी नाकारायला शिकणे: ब्रेंटची पद्धत स्वतः लिहिताना आलेला अनुभव

समीकरणाचे मूळ शोधणारा पहिला प्रोग्रॅम लिहिताना मी बहुतेक वेळ अंतर्वेशनाची सूत्रे बिनचूक उतरवण्यात घालवला, आणि पायरी स्वीकारायची की नाकारायची हे ठरवणाऱ्या दोन ओळी शेवटी घाईने लिहिल्या. प्रत्यक्षात ती पद्धत त्या दोन ओळींतच आहे, हे समजायला मला बराच काळ लागला. म्हणून नव्याने संख्यात्मक विश्लेषण शिकणाऱ्यांसाठी मी प्रामुख्याने त्या ओळींबद्दलच लिहीत आहे.

पद्धतीची मांडणी थोडक्यात अशी आहे. फंक्शन सलग आहे आणि मध्यंतराच्या दोन टोकांना त्याची चिन्हे विरुद्ध आहेत, म्हणजे मूळ मध्ये कुठेतरी नक्की आहे. द्विभाजनात आपण दर वेळी मध्यबिंदू घेतो आणि मध्यंतर निम्मे करतो; त्यात खात्री असते, पण वेग नसतो. सीकंट पायरीत शेवटच्या दोन बिंदूंतून रेषा काढून ती अक्षाला जिथे छेदते तिथे जातो. त्यात वेग असतो, पण खात्री नसते. व्यस्त वर्गीय अंतर्वेशनात तीन बिंदू घेऊन `x` हे `y` चे वर्गीय फंक्शन मानतात आणि `y = 0` ठेवून `x` काढतात. उलट बाजूने जाण्याचे कारण साधे आहे: नेहमीचा परवलय अक्षाला छेदेलच असे नाही, किंवा दोन ठिकाणी छेदेल, पण आडव्या परवलयाला `y = 0` वर एकच बिंदू मिळतो, अट एवढीच की तिन्ही बिंदूंच्या `y` किमती वेगवेगळ्या असाव्यात. डेकर यांनी १९६९ मध्ये द्विभाजन आणि सीकंट यांची सांगड घातली होती. रिचर्ड ब्रेंट यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्यात व्यस्त अंतर्वेशन आणि एक जादा अट घातली.

सगळे सुरळीत असते तेव्हा पद्धत कशी चालते ते न्यूटनने वापरलेल्या `x^3 - 2x - 5` या जुन्या उदाहरणात दिसते. २ वर किंमत -१ आणि ३ वर १६ आहे. पहिली सीकंट पायरी २.०५८८ वर नेते, तिथे किंमत सुमारे -०.३९ आहे. आता २, २.०५८८ आणि ३ असे तीन वेगळे बिंदू हाती आहेत, म्हणून व्यस्त अंतर्वेशन चालते आणि ते २.०९५६६ वर पोहोचवते. तिथे चिन्ह बदलते, ३ हे टोक सुटते, आणि पुढच्या दोन सीकंट पायऱ्यांत २.०९४५५१४७ मिळते; खरे मूळ २.०९४५५१४८ आहे. केवळ द्विभाजनाने एवढी अचूकता मिळवायला पंचवीसहून अधिक पायऱ्या लागल्या असत्या. हे उदाहरण हाताने एकदा जरूर करावे, पण यावर चाचणी घेऊन समाधान मानू नये, कारण इथे संरक्षक अटींपर्यंत वेळच येत नाही.

माझी पहिली आवृत्ती अशाच सोज्वळ उदाहरणांवर चालली होती. तिच्यात सीकंट पायरी होती आणि नवा बिंदू मध्यंतरात पडतो का एवढीच तपासणी होती. मग मी `x^3` हे फंक्शन -१ ते २ या मध्यंतरात दिले, आणि ०.०००००००००००१ एवढ्या अचूकतेसाठी शंभराच्या आसपास पायऱ्या लागल्या, जिथे निव्वळ द्विभाजनाला ४२ पुरतात. अंदाज -०.६६६७, -०.५२६३, -०.३९०४ असे शून्याकडे सरकत होते, प्रत्येक बिंदू मध्यंतरातच होता, म्हणून एकही पायरी नाकारली गेली नाही. मात्र २ हे टोक शेवटपर्यंत जागचे हलले नाही. शून्य हे इथे तिहेरी मूळ आहे, आणि अशा मुळाजवळ सीकंटची चूक प्रत्येक पायरीला सुमारे ०.७५५ पटच राहते. द्विभाजनाच्या निम्म्या होण्यापेक्षा हे संथ आहे.

ब्रेंट यांची जादा अट नेमकी इथे कामाला येते. खालच्या ओळींत `b` हा आतापर्यंतचा सर्वोत्तम अंदाज, `m` हे दुसऱ्या टोकापर्यंतच्या अंतराचे अर्धे, `p/q` ही सुचवलेली पायरी, `d` ही शेवटची आणि `e` ही त्याआधीची पायरी, आणि `tol` ही हवी असलेली अचूकता आहे. चिन्हे अशी ठेवलेली असतात की `p` ऋण होत नाही.

```python
s, e = e, d
if 2*p < 3*m*q - abs(tol*q) and 2*p < abs(s*q):
    d = p / q
else:
    d = e = m
```

पहिली अट सांगते की पायरी दुसऱ्या टोकापर्यंतच्या अंतराच्या सुमारे तीन चतुर्थांशाहून मोठी नसावी. दुसरी अट सांगते की पायरी शेवटच्या नव्हे, तर त्याआधीच्या पायरीच्या (`s`) निम्म्याहून लहान असावी. `x^3` वर व्यस्त अंतर्वेशन बाजूला ठेवून सीकंटच्या पायऱ्यांना ही अट लावून पाहा. पायऱ्या ०.३३३३, ०.१४०४, ०.१३६० आणि ०.०९३७ अशा येतात. ०.१३६० ही ०.३३३३ च्या निम्म्याहून लहान आहे, म्हणून ती मान्य होते, ०.०९३७ ही ०.१४०४ च्या निम्म्याहून, म्हणजे ०.०७०२ हून मोठी आहे, म्हणून नाकारली जाते. त्याऐवजी मध्यबिंदू ०.८०४८ घेतला जातो आणि २ हे अडकलेले टोक एका झटक्यात आत येते. तुलना एक पायरी सोडून करण्यात शहाणपण आहे: एखादीच पायरी थोडी मोठी निघाली म्हणून चांगले चाललेले अंतर्वेशन मोडत नाही, पण पायऱ्या लहान होण्याचा वेग सतत कमी असेल तर तो लपत नाही. याच अटीमुळे वाईटात वाईट परिस्थितीतही पायऱ्यांची संख्या द्विभाजनाच्या संख्येच्या साधारण वर्गाइतकी मर्यादित राहते. प्रत्यक्षात ती मर्यादा क्वचितच जवळ येते.

आणखी एक बारकावा शेवटच्या टप्प्यात आहे. वरच्या न्यूटनच्या उदाहरणात अंदाज मुळाच्या अगदी जवळ पोहोचला तरी दुसरे टोक २.०९५६६ वरच आहे, म्हणजे मध्यंतर अजून हजारांशाएवढे रुंद आहे. म्हणून पायरी `tol` हून लहान निघाली तर तेवढीच टाकायची नसते. पूर्ण `tol` एवढी पायरी दुसऱ्या टोकाच्या दिशेने टाकायची असते. त्यामुळे बिंदू मुळाच्या पलीकडे जातो, चिन्ह बदलते आणि मध्यंतर एकदम मिटते. ही ओळ विसरली तर उत्तर बरोबर दिसते, पण प्रोग्रॅम वेळेवर थांबत नाही.

चाचणी करताना प्रत्येक पायरीला तीन गोष्टी छापाव्यात: वापरलेली पद्धत, मध्यंतराची रुंदी आणि फंक्शनची किंमत. किंमत घटते पण रुंदी हलत नाही असे दिसले, तर दुसरी अट चुकली आहे. रुंदी शून्याकडे जाते पण किंमत प्रचंड वाढते असे दिसले, तर तिथे मूळच नाही. `tan(x)` १ ते २ मध्ये दिल्यास पद्धत १.५७०७९६ वर निमूटपणे पोहोचते, कारण चिन्ह बदलते, पण फंक्शन तिथे सलग नाही. खात्री ही सलगतेच्या गृहीतकावर उभी आहे आणि ते गृहीतक प्रोग्रॅमला तपासता येत नाही.

तिहेरी मुळाची एक मर्यादा मात्र कोणत्याही अटीने दूर होत नाही. `(x-1)^3` चा विस्तार करून `x^3 - 3x^2 + 3x - 1` असे लिहिले, तर १ च्या आजूबाजूला दशलक्षांशाच्या काही पट रुंदीच्या पट्ट्यात गणनेतील पूर्णांकनाची चूकच किमतीहून मोठी ठरते आणि चिन्ह अर्थहीन होते. मी SciPy मधल्या याच पद्धतीच्या तयार फंक्शनला, `brentq` ला, `xtol` ही अचूकतेची मर्यादा कितीही बारीक दिली तरी पाचव्या-सहाव्या दशांशानंतरचे अंक बदलत राहिले; कंसातले रूप तसेच ठेवल्यावर ते स्थिर झाले.