पहिला दुकानदार घेण्याआधी: घरून अकाउंट्सचं काम सुरू करताना काय तयार ठेवायचं

चाळिशी ओलांडल्यावर "आता काय करू" म्हटलं की सगळे मसाले नाहीतर फराळ सुचवतात. मला लाडू वळता येत नाहीत. मला टॅली येत होतं, 2009 पर्यंत, मग मुलं, सासूबाईंचं आजारपण, आणि मध्ये पंधरा वर्षं गेली. तर ही यादी ज्या बायकांनी कधीकाळी कुणाच्या ऑफिसात अकाउंट्स केलंय आणि आता घरून दोन-चार दुकानांचं काम धरायचंय त्यांच्यासाठी. मी पहिल्याच दुकानात माती खाल्ली म्हणून लिहितेय.

लॅपटॉप, नेट, प्रिंटर, हे सांगायला नको. स्कॅनर घेऊ नका, मोबाइल पुरतो.

टॅलीची भीती वाटते ना, ती पहिल्या दोन दिवसांत जाते. आता टॅलीप्राइम असतं, दिसायला वेगळं, पण F5 पेमेंट, F6 रिसीट, F8 सेल्स, F9 पर्चेस तसंच आहे, बोटं आपोआप जातात (मला तर रडूच आलं होतं, खोटं कशाला सांगू). एज्युकेशनल मोडमध्ये फुकट चालतं, फक्त महिन्याच्या मोजक्याच तारखांना एंट्री घेतं, सरावाला तेवढं बास. सराव खोट्या उदाहरणांवर करू नका, घरातल्या कुणाच्या तरी दुकानाची एका महिन्याची खरी बिलं मागून आणा, कारण खऱ्या बिलात शाई पुसलेली असते, जीएसटी नंबर अर्धा असतो, आणि खरं शिक्षण तिथेच होतं.

आपण सोडलं तेव्हा व्हॅट होता. जीएसटी 1 जुलै 2017 ला आला, म्हणजे तुमच्या हातातलं नेमकं हेच शिळं झालंय, बाकी डेबिट-क्रेडिट आहे तिथेच आहे. शिकायला फार नाही. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, राज्याबाहेर असेल तर आयजीएसटी. महिन्याच्या महिन्याला भरणाऱ्याचा जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचा तपशील, पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत, आणि 3बी, म्हणजे टॅक्स भरायचा रिटर्न, 20 पर्यंत. मध्ये 14 तारखेला पोर्टलवर 2बी तयार होतं, त्यात आपल्या दुकानदाराला माल देणाऱ्यांनी काय दाखवलंय ते दिसतं. बिल हातात आहे पण 2बी मध्ये नाही, तर त्या बिलाचं क्रेडिट घ्यायचं नाही, माल देणाऱ्याला फोन लावायचा. निम्मं काम हेच आहे, फोन लावणं. दरांसाठी जुनी पुस्तकं वापरू नका, 22 सप्टेंबर 2025 पासून 12 आणि 28 चे टप्पे जवळपास गेलेच.

आता मुख्य गोष्ट, जी मी विसरले. दुकानदाराच्या जीएसटीला नोंदलेला मोबाइल नंबर कुणाचा आहे ते बघा. युजरनेम पासवर्ड मिळाला म्हणजे झालं असं नाही. रिटर्न भरताना शेवटी ओटीपी येतो, आणि तो त्या नोंदलेल्या नंबरवर आणि ईमेलवरच येतो.

माझा पहिला क्लायंट हार्डवेअरवाला, महिन्याला 1500 ठरले, मी खूश. आधीच्या माणसाने जीएसटीआर-1 भरून दिलेला, माझ्याकडे फक्त 3बी. सगळं जुळवलं, 24,000 रोख टॅक्स निघाला, 20 तारखेला दुपारी सबमिट करायला बसले, ओटीपी पाठवला, आणि काका म्हणतात, "ताई, माझ्या फोनवर काहीच नाही आलं." नेटवर्क असेल म्हणून तीनदा पाठवला. मग कळलं की नोंदणी करताना आधीच्या माणसाने स्वतःचा मोबाइल आणि स्वतःचा ईमेल टाकला होता. आणि काकांचं त्याच्याशी पैशावरून वाजलेलं. तो फोनच उचलेना.

शेवटी काका कागदपत्रं घेऊन त्यांच्या भागाच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे गेले, तिथून मोबाइल-ईमेल बदलून घेतला, पण रिटर्न गेला 29 ला. नऊ दिवस उशीर, रोज 50 रुपये म्हणजे 450 लेट फी, वर 18 टक्क्यांनी नऊ दिवसांचं व्याज साधारण 107. एकूण 557. काका म्हणाले, काम तुमच्याकडे होतं ना? माझ्यात भांडायची हिंमत नव्हती, मी दिले. 1500 चे 943 उरले, आणि पुढचे दोन महिने मी कुणाला "मी हे काम करते" म्हणून सांगितलंच नाही.

म्हणून पहिल्या भेटीत, चहा यायच्या आत, दुकानदाराच्या समोर पोर्टल उघडा, "Forgot Password" वर जा, युजरनेम टाकून ओटीपी मागवा, आणि तो कुणाचा फोन वाजतो ते डोळ्यांनी बघा. पासवर्ड बदलायची गरज नाही, तिथेच थांबा. "हो हो माझाच नंबर आहे" यावर विश्वास ठेवू नका, काकाही तेच म्हणाले होते. फोन टेबलावर वाजला पाहिजे. दुसऱ्याचा निघाला तर आधी तो बदलून घ्या, मग काम धरा. आणि हो, तो तुमचाही नको! सोयीचं पडतं म्हणून स्वतःचा नंबर टाकायचा मोह होईल, टाकू नका, रिटर्नवर जबाबदारी मालकाची आहे, ओटीपी त्याच्याच हातात राहू दे. नंबर बरोबर असला तरी 20 तारखेला तो माणूस कुठे आहे हेही विचारून ठेवा, लग्नसराईत गावाला गेला आणि रेंज नाही तर नंबर असून उपयोग काय.

बाकी पटापट. बिलं द्यायची तारीख आधी ठरवा, मी 5 ठेवलीय, व्हॉट्सॲपवर लिहून "ओके" घ्या, म्हणजे 19 ला पिशवी घेऊन कुणी दारात येत नाही. लेट फी कुणाच्या चुकीने लागली तर कुणी भरायची, तेही त्याच मेसेजमध्ये.

पैसे ठरवताना बिलांची संख्या विचारा, उलाढाल नको. महिन्याला चाळीस बिलं आणि चारशे बिलं, दोघांनाही 1500 सांगाल तर मराल.

सुरुवातीला तिमाही भरणारे शोधा, 5 कोटींपर्यंत उलाढाल असली तर ती सोय घेता येते, जीएसटीआर-1 ला 13 आणि 3बी ला महाराष्ट्रात 22 तारीख मिळते, पण टॅक्स मात्र पहिल्या दोन महिन्यांचा, त्या-त्या पुढच्या महिन्याच्या 25 पर्यंत, चलनाने भरावाच लागतो, हे दुकानदार हमखास विसरतात.

एक ओळखीचा सीए असू द्या. नोटीस आली, ऑडिट निघालं, की त्याच्याकडे. आपण ते करत नाही, कार्डावर टॅक्स कन्सल्टंट वगैरे छापू नका, "हिशेब आणि रिटर्नचं काम" बास.

दोनच दुकानं घ्या आधी. बॅकअप पेनड्राइव्हवर. दर महिन्याच्या 20 ला घरी पाहुणे बोलावू नका.

आणि तो मोबाइल नंबर. बघितलात का?