भावाला आनुवंशिक आजार असेल, तर बहिणीच्या बाळाचा धोका कसा मोजावा?

एका स्त्रीच्या भावाला सिस्टिक फायब्रोसिस आहे. ती स्वतः ठणठणीत आहे, आईवडीलही निरोगी आहेत. नवऱ्याच्या घरात हा आजार कधी कुणाला झालेला नाही. तिला एवढंच जाणून घ्यायचं आहे की होणाऱ्या बाळाला हा आजार होण्याची शक्यता किती. संभाव्यतेचे तीन नियम आणि एक कागद एवढ्यावर हे उत्तर काढता येतं. मात्र कोणता नियम कधी लावायचा, हे कळायला हवं.

आधी आजाराबद्दल जरुरीपुरतं. सीएफटीआर नावाच्या जनुकाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. दोन्ही सदोष असतील तरच आजार होतो. एकच सदोष असेल, तर ती व्यक्ती निरोगी राहते, पण तो दोष पुढच्या पिढीला देऊ शकते. तिला वाहक म्हणतात.

पहिली पायरी: सगळ्या शक्यता मांडा

भावाला आजार आहे, म्हणजे त्याला दोन्हीकडून सदोष प्रत मिळाली. आईवडील निरोगी आहेत, म्हणजे दोघंही वाहक आहेत. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाबाबत चार सारख्या शक्यता असतात: दोन्ही प्रती चांगल्या, फक्त आईची सदोष, फक्त वडिलांची सदोष, दोन्ही सदोष. प्रत्येकीची संभाव्यता १/४.

मूल वाहक असणं मधल्या दोन प्रकारांनी घडतं. हे दोन्ही प्रकार एकाच मुलात एकदम घडू शकत नाहीत, म्हणून सरळ बेरीज करायची: १/४ + १/४ = १/२. हा बेरजेचा नियम.

घटना एकदम घडू शकत असतील, तर मात्र नुसती बेरीज चुकते. दोन मुलांपैकी निदान एकाला आजार होण्याची शक्यता १/४ + १/४, म्हणजे निम्मी, असं वाटतं. पण दोघांनाही आजार होण्याचा प्रसंग त्यात दोनदा मोजला गेला. तो १/१६ एकदा वजा केला की खरं उत्तर ७/१६ येतं. ‘चारात एक’चा अर्थ ‘एकाला झाला, आता पुढची तिघं सुटली’ असाही होत नाही. प्रत्येक गर्भधारणेला तोच १/४ नव्याने लागू होतो.

दुसरी पायरी: जे माहीत आहे, त्याने यादी छाटा

मग बहीण वाहक असण्याची शक्यता १/२ का? नाही, आणि बहुतेकांची गाडी इथेच घसरते. ती निरोगी आहे हे आपल्याला आधीच माहीत आहे, म्हणून ‘दोन्ही सदोष’ ही चौथी शक्यता खोडायची. उरल्या तीन, त्यांपैकी दोन वाहकाच्या. उत्तर २/३. सशर्त संभाव्यता म्हणजे मुळात एवढंच: अट पूर्ण न करणारे प्रकार वगळायचे आणि उरलेल्यांनाच पूर्ण संच मानून नव्याने मोजायचं.

तिसरी पायरी: साखळीचा गुणाकार करा

बाळाला आजार व्हायला तीन गोष्टी एकत्र घडाव्या लागतात. बहीण वाहक असली पाहिजे, नवरा वाहक असला पाहिजे आणि बाळाला दोघांचीही सदोष प्रत मिळाली पाहिजे. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण २५ जणांत एक वाहक असतो. नवरा त्या समाजातला मानला, तर २/३ × १/२५ × १/४ = १/१५०.

हाच गुणाकार पडताळून पाहता येतो. त्याच समाजातलं, घरात आजार नसलेलं जोडपं घेतलं तर १/२५ × १/२५ × १/४ = १/२५००. या आजाराचं तिथल्या नवजात बाळांतलं प्रमाण साधारण तेवढंच आहे.

पहिल्या दोन आकड्यांचा असा सरळ गुणाकार चालतो, कारण बहिणीच्या वाहक असण्याचा नवऱ्याशी काही संबंध नाही. समजा नवरा तिचाच मामेभाऊ आहे. तिची आई नक्की वाहक, म्हणून मामा वाहक असण्याची शक्यता निदान १/२ आणि मामेभावाची निदान १/४. आता २/३ × १/४ × १/४ = १/२४. तेव्हा १/२५ हा आकडा उचलण्याआधी नातं विचारलंच पाहिजे.

चौथी पायरी: चाचणी ‘निगेटिव्ह’ आली, तर माणसं मोजा

बहिणीने वाहक चाचणी केली आणि अहवाल निगेटिव्ह आला. या जनुकात दोन हजारांहून अधिक बदल नोंदलेले आहेत आणि नेहमीची चाचणी त्यांतले ठरावीक, जास्त आढळणारेच शोधते. समजा ती शंभरातले ९० वाहक पकडते. मग बहीण वाहक असण्याची शक्यता १०% उरली का?

अपूर्णांकांत गुंतण्यापेक्षा तिच्यासारख्या ३०० बहिणी डोळ्यांसमोर आणा. २०० वाहक, १०० नाहीत. वाहकांपैकी १८० पकडल्या जातील, २० निसटतील. वाहक नसलेल्या १०० जणींचा अहवाल निगेटिव्हच येईल असं धरू. निगेटिव्ह एकूण १२०, त्यांत वाहक २०. म्हणजे १/६, जवळजवळ १७%. ते १०% सगळ्या वाहकांपैकी निसटलेल्यांचं प्रमाण होतं. आपला प्रश्न मात्र निगेटिव्ह आलेल्यांतल्या वाहकांचा आहे. वाहकांमधलं निगेटिव्ह आणि निगेटिव्हमधल्या वाहक, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची अदलाबदल ही या विषयातली सगळ्यांत महागडी चूक आहे.

बाळाचा धोका आता १/६ × १/२५ × १/४ = १/६००. तो चौपट कमी झाला, पण शून्य झाला नाही. खरं तर अशा घरात आधी भावाची तपासणी करून त्याच्या जनुकातले नेमके दोन बदल शोधावेत आणि बहिणीत तेच पाहावेत. ते सापडले नाहीत, तर तो निगेटिव्ह अहवाल कितीतरी भक्कम ठरतो.

पाचवी पायरी: ‘पॉझिटिव्ह’लाही तीच रीत

नवजात बाळांच्या चाळणी तपासणीत टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन आयआरटी नावाचा घटक मोजतात. सोयीसाठी आकडे धरू: एक लाख बाळं, त्यांत ४० आजारी. चाचणी त्यांतली ३८ पकडते आणि निरोगी बाळांपैकी ०.५% बाळांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते. निरोगी बाळं ९९,९६० आहेत, म्हणून चुकीचे पॉझिटिव्ह सुमारे ५००. एकूण ५३८ पॉझिटिव्हमध्ये खरे ३८, म्हणजे सुमारे ७%.

चाचणी वाईट आहे असा याचा अर्थ नाही. आजार दुर्मीळ असला की निरोगी लोकांच्या प्रचंड संख्येतली छोटी चूकही खऱ्या रुग्णांपेक्षा मोठी होते. म्हणून असा अहवाल हे निदान नसतं, पुढच्या तपासणीचं बोलावणं असतं. पुढे घामातल्या क्लोराइडची तपासणी होते आणि प्रमाण लिटरला ६० मिलिमोल किंवा जास्त असेल, तर निदानाकडे बोट दाखवलं जातं. या दुसऱ्या चाचणीचं गणित मांडताना सुरुवात १/२५०० पासून करायची नाही, ७% पासून करायची. त्या खोलीत आता एक लाख बाळं नाहीत, फक्त ५३८ आहेत.