पुराव्याच्या पलीकडे गेलेला निष्कर्ष: निबंध तपासताना आलेला अनुभव

बडोद्यात दांडिया बाजारात मराठी मुलांसाठी चालणाऱ्या एका निबंधवर्गात मी पहिल्या वर्षी वह्या तपासायला बसले, तेव्हा तर्कदोषांची नावे मला पाठ होती आणि समासात ती लिहिली की काम झाले, असे मला वाटत असे. सक्तीच्या शिक्षणावरील एका निबंधातील हा परिच्छेद माझ्यासमोर आला तेव्हा माझी ही समजूत मोडली:

‘बडोदे संस्थानात १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ साली संपूर्ण संस्थानासाठी कायदा झाला. आज या शहरात मोठे विद्यापीठ आहे आणि माझ्या ओळखीच्या सर्व घरांतील मुले शाळेत जातात. यावरून सिद्ध होते की, सक्तीचा कायदा केला की समाज शिक्षित होतोच.’

मी समासात ‘काकतालीय न्याय’ असे लिहिले, म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, तरी फांदी कावळ्यामुळेच तुटली असे मानणे. शेरा चुकीचा नव्हता. परंतु वर्ग चालवणाऱ्या बाईंनी वही पाहून विचारले, ‘हे वाचून ती मुलगी नेमके काय बदलेल?’ मला उत्तर देता आले नाही. मग त्यांनी कागदावर मधोमध रेघ ओढली, डावीकडे परिच्छेदातील पुरावे आणि उजवीकडे निष्कर्ष लिहायला सांगितले, आणि एकच प्रश्न विचारायला लावला: डावीकडचे सगळे खरे असूनही उजवीकडचे खोटे असू शकते का?

नवीन तपासनिसाने हा प्रश्न प्रत्येक पुराव्याला वेगळा विचारावा, कारण प्रत्येक पुरावा वेगळ्या ठिकाणी अपुरा पडतो. कायद्याचे साल हे कायदा झाल्याचा पुरावा आहे. तो अमलात किती आला, किती मुले पटावर आली आणि किती टिकली, याबद्दल ते काहीच सांगत नाही. विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले आणि ते उच्च शिक्षणाचे आहे. प्राथमिक शाळेच्या सक्तीशी त्याचा संबंध लेखिकेने दाखवायला हवा होता. ओळखीची घरे तर तिच्याच वस्तीतील, तिच्यासारख्याच कुटुंबांची. ज्या घरांतील मुले शाळेत जात नाहीत, ती घरे तिच्या ओळखीत येण्याची शक्यताच कमी. शिवाय १९०६ आणि आज यांच्यामध्ये शंभराहून अधिक वर्षे आहेत, आणि त्या काळात सरकारी शाळा, नोकऱ्या, शहराची वाढ अशी कितीतरी कारणे येऊन गेली.

यानंतर निष्कर्षाची भाषा पाहावी. मराठीत पुष्कळदा सगळा अतिरेक एका ‘च’मध्ये असतो. ‘होतोच’ म्हटले की दावा बडोद्यापुरता राहत नाही, तो सर्व काळांना आणि सर्व समाजांना लागू होतो, आणि मग कायदा असूनही निरक्षरता राहिलेले एकच ठिकाण त्याला खोडायला पुरते. न्यायशास्त्र, म्हणजे जुने भारतीय तर्कशास्त्र, निष्कर्षासाठी दिलेल्या अशा कारणाला सव्यभिचार म्हणते: अग्नी आहे म्हणून धूर असणारच, असे म्हणता येत नाही, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो.

येथेच उलटी चूकही होते, आणि ती मी केली होती. तर्क दुबळा आहे एवढ्यावरून मी निष्कर्षाचा गाभाही खोटा ठरवला होता. कायद्याने शिक्षण वाढले असेलही. या परिच्छेदातून ते दिसत नाही, इतकेच म्हणण्याचा मला अधिकार होता. त्याचप्रमाणे ‘कायदा झाला, नंतर शाळा वाढल्या’ एवढेच कोणी लिहिले, तर त्यात कार्यकारणाचा दावा नसतो आणि तेथे दोष लावू नये. मात्र पुढचा परिच्छेद तोच क्रम कारण म्हणून वापरतो का, हे पाहिल्याशिवाय पान उलटू नये.

शेवटी मी समासातील शेरा खोडला आणि त्याऐवजी लिहिले: ‘कायद्याचा परिणाम दाखवायचा असेल, तर १९०६ च्या आधीची आणि नंतरच्या काही वर्षांची पटसंख्या द्या, आणि त्याच वर्षांत ज्या शेजारच्या ब्रिटिश मुलखात सक्ती नव्हती, तेथील पटसंख्या तिच्या शेजारी ठेवा.’ ब्रिटिश हिंदुस्थानासाठी गोखल्यांनी मांडलेले प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९१२ साली नामंजूर झाले होते, म्हणून ही तुलना शक्य होती. तीही निर्णायक ठरली नसती, कारण संस्थानात त्याच काळात ग्रंथालयांसारखे इतर उपक्रमही चालू होते, आणि पटावरचे नाव म्हणजे शिक्षण नव्हे.

मुलीला ते आकडे मिळाले नाहीत. तिने विद्यापीठ आणि ओळखीची घरे दोन्ही काढून टाकली आणि शेवटचे वाक्य असे केले: ‘ब्रिटिश हिंदुस्थानात असे विधेयक नामंजूर होण्याच्या सहा वर्षे आधी बडोदे संस्थानाने सक्तीचा मार्ग कायद्याने स्वीकारला होता.’ या वाक्याला तिच्याजवळचा पुरावा पुरत होता, आणि बाईंनी त्यापुढे बरोबरची खूण केली.