ईआरपी गो-लाइव्हच्या आदल्या संध्याकाळचं भाषण: फायनान्स हेडनी या चुका टाळा

31 मार्चला संध्याकाळी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलवतात आणि फायनान्स हेड उभे राहून म्हणतात, उद्यापासून टॅलीच्या जागी ईआरपी ही नवीन सिस्टीम, सगळं सोपं होणार, घाबरू नका. लोक टाळ्या वाजवून घरी जातात, पण सकाळी गेटवर गाडी लागली की स्टोअरवाल्याला पहिली एंट्री कुठे करायची तेच माहीत नसतं. भाषणातली पहिली चूक हीच, सिस्टीमचं कौतुक झालं पण उद्याचं काम सांगायचं राहिलं.

दुसरी चूक मला जास्त महागाची वाटते आणि ती चांगल्या मनानेच होते. लोकांना धीर यावा म्हणून साहेब म्हणतात, "चार दिवस जुन्या टॅलीत पण टाकत राहा, सेफ्टी म्हणून." झालं, मग लोक सवयीने टॅलीत आधी टाकतात आणि ईआरपीत वेळ मिळेल तेव्हा, आणि आठवड्याने दोन्हीकडे वेगळे आकडे, खरा कुठला ते कोणालाच सांगता येत नाही. त्यापेक्षा स्पष्ट सांगा की आज रात्रीची शेवटची एंट्री झाली की जुनी टॅली फक्त बघण्यापुरती. लाइट किंवा नेट गेलं (आपल्याकडे जातंच) तर नंबर छापलेलं कागदी पॅड वापरायचं आणि त्यातलं सगळं त्याच दिवशी एकाच माणसाने ईआरपीत चढवायचं.

तिसरी चूक म्हणजे कटऑफवर, म्हणजे कुठला माल जुन्या हिशोबात आणि कुठला नव्यात यावर, न बोलणं, आणि भाषणातला निम्मा वेळ तरी मी यालाच देईन. समजा कुडाळजवळचा काजू कारखाना आहे. 31 तारखेला संध्याकाळी काजूबीची गाडी आली, 80 किलोची 100 पोती म्हणजे 8,000 किलो, भाव 120 रुपये, जीएसटी सोडून 9,60,000 चा माल. वजनकाट्याची पावती झाली, माल गोडाऊनला उतरला, रात्रीच्या मोजणीत धरला गेला आणि ओपनिंग स्टॉकमध्ये गेला. व्यापाऱ्याचं बिल मात्र 2 एप्रिलला आलं. ट्रेनिंगमध्ये शिकवलंय की जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, केल्याशिवाय बिल पास होत नाही, म्हणून स्टोअरवाले दादा प्रामाणिकपणे नवीन जीआरएन करतात आणि सिस्टीममध्ये त्या गाडीचे 16,000 किलो होतात. "माल आला, बिल बाकी" या खात्यात ओपनिंगचे 9,60,000 तसेच पडून राहतात, कारण बिल जुळलं ते नव्या जीआरएनशी. त्या दादांची यात काही चूक नाही, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

यावर रीती दोन आहेत. एक तर असा माल ओपनिंग स्टॉकमध्ये घ्यायचा, 9,60,000 "माल आला, बिल बाकी" ला जमा दाखवायचे आणि बिल आलं की थेट त्या खात्यावर लावायचं, नवीन जीआरएन करायचाच नाही. नाहीतर तो माल ओपनिंगमधून वगळायचा, त्याची पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर ईआरपीत चढवायची आणि 1 तारखेला सकाळी पहिलं काम म्हणून त्याचा जीआरएन करायचा. कुठलीही घ्या पण एकच घ्या, आणि भाषणात त्या गाड्यांची यादी गेट रजिस्टरवरून नंबरासकट वाचून दाखवा, सहसा मोजक्याच असतात.

आणखी एक, लोक मनातून घाबरलेले असतात ते चुकीची एंट्री झाली तर काय याला, आणि मग भीतीने एंट्री अडवून ठेवतात किंवा अकाउंट्सच्या ताईंचा पासवर्ड मागून घेतात. इथे "चुकू नका" म्हणणं चूक आहे. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरला एडिट लॉग लागतोच आणि तो बंद करता येत नाही, म्हणजे कोणी काय बदललं ते राहणारच, म्हणून प्रत्येकाने आपल्याच लॉगिनने काम करायचं. हे धमकीसारखं सांगू नका. असं सांगा: "100 पोत्यांच्या जागी 100 किलो पडले तर लपवू नका, अमुक ताईंना फोन करा, त्या रिव्हर्स करून देतील, पहिल्या महिन्यात यावरून कोणाला बोल लागणार नाही." आणि नाव घेतलं त्या ताई त्या दिवशी खरंच फोनवर असायला हव्यात.

भाषण संपल्यावर "समजलं ना?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. स्टोअरवाल्या दादांनाच म्हणा, उद्या नऊला गाडी आली तर तुम्ही काय काय करणार ते सांगा, आणि ते जिथे अडखळतील तिथे तिथल्या तिथे उत्तर द्या. मग तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काजूबी, पॅकिंगचे डबे आणि तयार गर, एवढ्या तीनच वस्तू गोडाऊनला मोजून सिस्टीमशी जुळवा, आणि फरक निघाला तर आधी त्या 31 तारखेच्या गाड्याच तपासा.