टीएसएच वाढलेला असताना रक्ताचे बाकीचे रिपोर्ट कसे वाचावेत

टीएसएच वाढलेला असणं म्हणजे बहुधा थायरॉईड मंद असणं. थायरॉईड मंद झाला की वजन वाढतं, केस गळतात, थंडी वाजते हे आता सगळ्यांना पाठ आहे. त्याच काळात हिमोग्लोबिन आणि सोडियम खाली जातात, स्नायूंची इजा दाखवणारा सीपीके आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वर चढतात, ही गोष्ट मात्र रुग्णाच्या कानावर क्वचितच पडते. मग तोच माणूस रक्तासाठी एकीकडे, लिव्हरसाठी दुसरीकडे आणि किडनीसाठी तिसरीकडे फिरत राहतो. फॅमिली डॉक्टर म्हणून अशा फायली माझ्यासमोर सतत येतात. त्या मी ज्या क्रमाने वाचते, तो क्रम इथे देत आहे.

पहिली पायरी : गोळी सुरू होण्याआधीचे आकडे

टीएसएच आणि थायरॉईडचं स्वतःचं संप्रेरक फ्री टी४ यांच्यासोबत सीबीसी, सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन, सीपीके, एसजीओटी-एसजीपीटी, लिपिड आणि लघवीची साधी तपासणी करून घ्या. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर ते दोन-तीन दिवस आधी थांबवा, कारण काही यंत्रांवर त्यामुळे टीएसएच खोटा कमी दिसतो. सीपीकेसाठी आधीचे दोन-तीन दिवस जिम आणि दंडातलं किंवा कमरेतलं इंजेक्शन टाळा.

दुसरी पायरी : टीएसएच किती वाढलाय ते पाहा

टीएसएच ७ किंवा ८ आहे आणि फ्री टी४ नॉर्मल आहे, तर हिमोग्लोबिन ८ असण्याचं किंवा क्रिएटिनिन २ असण्याचं खापर थायरॉईडवर फोडू नका. पुढे सांगितलेले ठळक बदल बहुतेक वेळा फ्री टी४ खरोखर घसरल्यावर दिसतात. शिवाय किडनीच्या जुन्या आजारातही टीएसएच थोडा वाढलेला असू शकतो. ‘सगळं थायरॉईडमुळेच’ हा सल्ला थायरॉईड न तपासण्याइतकाच घातक आहे.

तिसरी पायरी : हिमोग्लोबिन

शरीराची ऑक्सिजनची गरज कमी होते, मूत्रपिंडातून येणारा एरिथ्रोपोएटिनचा निरोप कमी होतो आणि मज्जा रक्तपेशी सावकाश बनवते. या ॲनिमियात एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, बहुधा नॉर्मल किंवा किंचित जास्त असतो. एमसीव्ही कमी असेल तर लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन पाहा, कारण थायरॉईड मंद असताना पाळीत रक्तस्राव वाढतो आणि लोह संपतं. एमसीव्ही बराच वाढला असेल तर बी१२ पाहा. थायरॉईडवर हल्ला करणारी प्रतिकारशक्ती काही जणांत जठरावरही हल्ला करते आणि बी१२ शोषलं जात नाही. शाकाहारी आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी तर ते पाहायलाच हवं.

चौथी पायरी : सोडियम

थायरॉईड मंद असताना मूत्रपिंडाला जादाचं पाणी बाहेर टाकणं जड जातं, म्हणून सोडियम पातळ होतं. ‘मीठ जास्त खा’ हा सल्ला इथे चुकीचा आहे, कारण कमतरता मिठाची नसते, पाणी जास्त झालेलं असतं. ही घसरण बहुधा थोडीच असते. सोडियम १२५ च्या खाली असेल तर थायरॉईडवर थांबू नका. ब्लडप्रेशरच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन आहे का, डिप्रेशनची गोळी चालू आहे का, ते पाहा. असंबद्ध बडबड, गुंगी किंवा झटके असतील तर घरी वेळ घालवू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

सोडियम कमी, ब्लडप्रेशर कमी, वजन घटतंय, त्वचा काळवंडतेय, असं एकत्र दिसलं तर सकाळी ८ चं कॉर्टिसॉल हे ॲड्रिनल ग्रंथींचं संप्रेरक थायरॉईडची गोळी सुरू करण्याआधी तपासलं पाहिजे. ॲड्रिनल ग्रंथी थकलेल्या असताना आधी थायरॉईडची गोळी, म्हणजे थायरॉक्सिन, दिलं तर रुग्ण कोसळू शकतो. बाळंतपणात खूप रक्त गेलेल्या, त्यानंतर दूध न आलेल्या आणि पाळी बंद झालेल्या बाईमध्ये थायरॉईडला चालवणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीचाच दोष असू शकतो. तिथे टीएसएच नॉर्मल दिसतो आणि फ्री टी४ कमी असतो, म्हणून फक्त टीएसएच तपासून सुटका नाही.

पाचवी पायरी : सीपीके आणि क्रिएटिनिन एकत्र वाचा

मला सुरुवातीला सर्वांत अवघड गेलेला भाग हाच. उदाहरणासाठी ४६ वर्षांची बाई घेऊ. तक्रार अशी, की जिना चढताना मांड्या भरून येतात आणि पोटऱ्यांत गोळे येतात. टीएसएच ८८, फ्री टी४ बराच कमी, सीपीके ११५०, एसजीओटी ७८, एसजीपीटी ३८, एलडीएल २१०, क्रिएटिनिन १.४. रिपोर्टवर ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याचा अंदाज, ४७ छापलेला. सुट्टे वाचले तर लिव्हर, कोलेस्टेरॉल आणि ‘तिसऱ्या टप्प्याची किडनी’ असे तीन आजार तयार होतात.

एसजीओटी स्नायूंमध्येही असतं. एसजीपीटी जवळपास नॉर्मल आणि सीपीके हजारावर, म्हणजे तो आकडा लिव्हरचा नसून स्नायूंचा आहे. एलडीएल पाहून लगेच कोलेस्टेरॉलची गोळी स्टॅटिन सुरू करण्याला माझा ठाम विरोध आहे. थायरॉईड मंद असताना स्टॅटिनमुळे स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो, आणि थायरॉक्सिननंतर एलडीएल आपोआप बराच उतरतो. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांनी मात्र चालू असलेलं स्टॅटिन स्वतःहून बंद करू नये, हृदयाच्या डॉक्टरांशी बोलावं. सीपीके अनेक हजारांत आणि लघवी काळ्या चहासारखी असेल तर त्याच दिवशी दाखल व्हावं, कारण त्याने किडनीला खरी इजा होते.

आता क्रिएटिनिन. हृदयाचा जोर कमी पडतो, किडनीकडे जाणारं रक्त घटतं आणि गाळण मंदावते. ही घट खरी असते, पण बहुधा उलटणारी. किडनी मुळातच आजारी आहे का, हे लघवी सांगते. प्रोटीन नाही, रक्तपेशी नाहीत, डायबेटिस नाही आणि सोनोग्राफीत किडनीचा आकार ठीक आहे, तर ‘सीकेडी’, म्हणजे किडनीच्या जुन्या आजाराचं, कायमचं लेबल लावायची घाई नको. सिस्टॅटिन सी ही किडनीच्या गाळण्याची दुसरी रक्ततपासणी करून खात्री करा असं कुणी सुचवेल. थायरॉईड मंद असताना तो आकडा खोटा कमी येतो आणि किडनी आहे त्याहून चांगली दिसते, म्हणून ती तपासणी थायरॉईड ताळ्यावर आल्यावरच करा. दरम्यान अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका. दुखणारे स्नायू आणि मंदावलेली किडनी यांच्यासाठी तीच सर्वांत वाईट गोळी आहे.

सहावी पायरी : पुन्हा तपासणी

गोळी रिकाम्या पोटी घ्या, लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास दूर ठेवा. टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी पाहा आणि त्याच रक्तात सोडियम, सीपीके, क्रिएटिनिनही करा. सोडियम आणि सीपीके आधी सुधारतात, क्रिएटिनिन काही आठवड्यांत ते काही महिन्यांत उतरतं. हिमोग्लोबिन सर्वांत मागे राहतं, कारण लाल पेशीचं आयुष्यच सुमारे १२० दिवसांचं.

वरच्या उदाहरणात टीएसएच नॉर्मल झाल्यावर क्रिएटिनिन ०.९ आलं, तर ईजीएफआर ८० च्या आसपास जातो आणि किडनीचा प्रश्न मिटतो. ते १.३ वरच अडकलं तर ती फाईल किडनीच्या डॉक्टरांकडे न्या, सोबत लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराचा रिपोर्ट ठेवा. टीएसएच नॉर्मल होऊन काही महिने गेले तरी सीपीके चढाच राहिला, तर न्यूरॉलॉजिस्टना स्नायूंचा वेगळा आजार शोधू द्या. गोळीचा डोस वाढवून तो आकडा खाली येणार नाही, उलट छातीत धडधड सुरू होईल.