पेटीच्या लेबलाला बसण्याआधी: फिल्टर बंद आहे का?

देवगडच्या नानांच्या आंबापेट्यांची लेबलं यंदाही माझ्याकडेच आली, गेल्या वर्षीचा घोळ त्यांनी पोटात घातला म्हणून. तो परत नको, तर तयारी लिहून ठेवतो.

स्क्रीन पुसा, नाइट लाइट बंद करा, खिडकीतलं ऊन अडवा. हे सगळेच करतात. मग फाइल उघडण्याआधी विंडोजमध्ये Settings > Accessibility > Color filters इथे जाऊन फिल्टर बंद आहे ना ते बघा. आठवणीवर विसंबू नका, उघडून बघा. Windows + Ctrl + C हा त्याचा शॉर्टकट मीच कधीतरी चालू करून ठेवला होता, आणि कॉपी करताना बोट शेजारच्या बटणावर पडलं. लाल-हिरव्याचा फिल्टर लागला आणि थोड्या वेळात डोळा सरावला. केशरी गुलाबीकडे झुकलेला वाटत होता, म्हणून मी तो 'सुधारत' गेलो: M 45 वरून 25 वर आणला, वर C 12 घातला. पडद्यावर झकास हापूस. छापून आली पाचशे लेबलं, सगळी कैरीची. नाना म्हणाले, "ह्यो आंबो पिकाक नाय रे अजून."

त्यांनी हे आधीच सांगितलं होतं, हे जास्त झोंबलं. फिल्टर फक्त पडद्यावर चढतो, स्क्रीनशॉटमध्ये उतरत नाही. त्यामुळे मी पाठवलेलं लेबल त्यांना फोनवर हिरवटच दिसलं, आणि मी त्यांच्या फोनला नावं ठेवली. रंगाचे आकडे एक सांगतायत आणि डोळा दुसरंच, असं झालं की आधी फिल्टर बघा. फोनवाल्याशी भांडण नंतर.

रंगांधांना लेबल कसं दिसेल, हे या फिल्टरमधून बघायला जाऊ नका. तो उलटं काम करतो: ज्याला लाल-हिरवा वेगळा कळत नाही, त्याच्यासाठी रंग सरकवून फरक वाढवतो. त्याच्या नजरेतून बघायचं तर फोटोशॉपमध्ये View > Proof Setup > Color Blindness. त्याने फाइलमधले रंग बदलत नाहीत. तिथे नानांचा हिरवा ठिपका (चार दिवसांनी खा) आणि केशरी ठिपका (आज खा) दोन्ही जवळपास एकाच मळकट पिवळ्यात गेले. ठिपक्यांशेजारी शब्द घातले, प्रश्न मिटला.

फिल्टरांमधला Grayscale मात्र मी मुद्दाम लावतो. केशरीवर पांढरं अक्षर उठतंय की बुडतंय, हे त्यात लगेच कळतं. बघून झालं की बंद. परत सांगतो, बंद.

बाकी नेहमीचंच. एकच प्रत छापून अंगणात उजेडात धरायची, नानांना दाखवायची, फिल्टर पुन्हा एकदा बघायचा, फाइल प्रेसला पाठवायची.