इंदूरच्या हिंदी दैनिकाला उजाड बागेबद्दल पत्र कसं लिहावं

इंदूरच्या कॉलन्यांमध्ये रोज सकाळी बागेत फिरणारे निवृत्त मराठी गृहस्थ बरेच आहेत. बागेची अवस्था सर्वात आधी त्यांच्या लक्षात येते. तरीही संपादकांना पत्र लिहायला ते बिचकतात. हिंदी बोलता येतं, पण लिहिताना हात अडखळतो. खरं तर या शहराच्या हिंदी पत्रकारितेत मराठी माणूस परका नाही. 1947 साली इथे सुरू झालेल्या ‘नई दुनिया’चे नावाजलेले संपादक राहुल बारपुते मराठीच होते.

आधी एकच मुद्दा निवडा. झोके तुटलेत, दिवे बंद आहेत, कचरा साठलाय, गवत वाळलंय, कुत्री फिरतात, असं सगळं एका पत्रात कोंबलं की ते रडगाणं वाटतं आणि कापताना नेमकी महत्त्वाची ओळच जाते. बागेत बहुतेक वेळा एका बिघाडातून पुढचे बिघाड निघतात, म्हणून मूळ शोधा. गवत वाळलं असेल तर माळ्याला विचारा: मोटर जळली आहे, वीज तोडली आहे, की बोअरलाच पाणी नाही? स्टार्टर चालू केल्यावर पाणी हवेसोबत गचके देत येत असेल, तर बहुधा पातळी खाली गेलेली असते आणि नवी मोटर बसवून उपयोग नसतो. पॅनेलला वीजच येत नसेल, तर प्रश्न जोडणीचा किंवा बिलाचा. कारण चुकलं की मागणी चुकते, आणि ‘ते आमचं काम नाही’ असं उत्तर मिळतं. पॅनेल स्वतः उघडू नका, माळ्याकडूनच माहिती घ्या.

मग मोजा. ‘बरीच रोपं मेली’ याला वजन नाही, ‘22पैकी 9 रोपं मेली’ याला आहे. मोजणी दोन वेगवेगळ्या दिवशी करा, म्हणजे ‘त्या दिवशी माळी रजेवर होता’ असं कुणी म्हणू शकणार नाही. तारीख दिसेल असे दोन फोटो जवळ ठेवा.

पत्राआधी तक्रार नोंदवणं महत्त्वाचं. नगर निगमचं ‘इंदौर 311’ ॲप किंवा मध्य प्रदेश शासनाची 181 ही सीएम हेल्पलाइन, यांपैकी कुठेही नोंदवा आणि तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवा. तक्रार न करताच थेट वर्तमानपत्रात गेलात, तर ‘आम्हाला कुणी कळवलंच नाही’ म्हणायला निगम मोकळा. तक्रार केली आणि काम न होताच ती बंद झाली, तर पत्राला खरी धार येते. 181 वरून फोन येऊन ‘समाधान झालं का’ असं विचारलं आणि काम झालं नसेल, तर स्पष्ट ‘नाही’ म्हणा. समोरचा भला माणूस वाटतो म्हणून भिडेखातर ‘हो’ म्हटलं की तक्रार तिथेच संपते. ‘नाही’ म्हटलं की ती वरच्या अधिकाऱ्याकडे जाते.

आता पत्र. शाळेत शिकवलेला साचा, म्हणजे ‘सेवा में’, ‘विषय’, ‘सविनय निवेदन है कि’, अर्जाला ठीक आहे. छापायच्या पत्रात त्यात चार ओळी वाया जातात. शंभर-सव्वाशे शब्दांत आटोपणारं पत्र कमी कापलं जातं. तारीख आणि आकडा पहिल्या दोन वाक्यांतच येऊ द्या, कारण काट शेवटाकडून पडते. एक नमुना पाहा, यातली बाग आणि आकडे कल्पित आहेत:

“संपादक महोदय, हमारी कॉलोनी के बगीचे में बोरिंग की मोटर 12 फरवरी से बंद है। पानी न मिलने से आधी से ज़्यादा घास सूख चुकी है और पिछली बारिश में लगाए गए 22 पौधों में से 9 मर गए हैं। मैंने 18 फरवरी को नगर निगम में शिकायत दर्ज कराई थी। 4 मार्च को उसे निराकृत बताकर बंद कर दिया गया, जबकि मोटर आज तक नहीं सुधरी। अनुरोध है कि शिकायत फिर खोली जाए और मोटर सुधरने तक सप्ताह में दो बार टैंकर से पानी दिया जाए। अप्रैल की गर्मी में बचे हुए 13 पौधे नहीं टिकेंगे। — एक सेवानिवृत्त शिक्षक”

सही करताना नुसतं ‘एक सेवानिवृत्त शिक्षक’ न लिहिता त्याच्या आधी आपलं नाव आणि कॉलनी लिहा. निवृत्तीचा उल्लेख तेवढाच पुरे. वय, आजारपण, ‘हम बुज़ुर्गों की कौन सुनता है’ हे पत्रात आलं की वाचकाचं लक्ष मोटरवरून तुमच्याकडे वळतं. मागणी मात्र एका आठवड्यात पुरी होऊ शकेल इतकी नेमकी हवी. टँकरची मागणी म्हणूनच घातली आहे: मोटरला वेळ लागला तरी रोपं तगतील.

भाषेत मराठी माणसाचा पाय ठरावीक ठिकाणी घसरतो. सगळ्यात मोठी अडचण ‘ने’ची. मराठीत आपण ‘मी तक्रार केली’ म्हणतो, म्हणून हात ‘मैं शिकायत की’ लिहून जातो. हिंदीत ‘मैंने शिकायत की’ हवं. दुसरी चूक ‘की’ची. मराठीत ‘की’ दीर्घच लिहितात, पण हिंदीत ‘अनुरोध है कि’ ऱ्हस्व आणि ‘बोरिंग की मोटर’ दीर्घ. पुढे लिंग: मराठीत ‘ते गवत’, हिंदीत ‘घास’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘घास सूख गई’. बेंच, फिसलपट्टी आणि मोटरही स्त्रीलिंगी, झूला पुल्लिंगी. ‘पेड़’मधल्या ‘ड’खालचा नुक्ता विसरू नका.

शब्दांतही सापळे आहेत. हिंदीत ‘तकरार’ म्हणजे भांडण, तक्रारीला ‘शिकायत’. ‘नगरसेवक’ नव्हे, इथे ‘पार्षद’. ‘झाड’ला ‘पेड़’ म्हणा, कारण ‘झाड़’ म्हटलं की झुडूप डोळ्यांपुढे येतं. मजकूर कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. ‘ने’ची चूक कानाला पटकन कळते.

माळ्याचं, ठेकेदाराचं किंवा अधिकाऱ्याचं नाव घेऊन ‘पैसे खाल्ले’ असं लिहू नका. पुरावा नसेल तर संपादक ते छापणार नाही, आणि छापलं तर अब्रुनुकसानीचा दावा तुमच्याही गळ्यात पडू शकतो. देखभालीच्या पैशाबद्दल खरंच शंका असेल, तर माहिती अधिकाराखाली 10 रुपये शुल्क भरून त्या बागेच्या देखभालीच्या कामाच्या आदेशाची प्रत मागा. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यात ‘रोज सिंचाई’ लिहिलेलं सापडलं, तर पुढचं पत्र त्याच एका वाक्यावर उभं राहतं.

पाठवताना मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या कृतिदेव फाँटमधला मजकूर समोरच्याच्या पडद्यावर अगम्य अक्षरांत दिसू शकतो. खाली पूर्ण पत्ता आणि मोबाइल क्रमांक ‘प्रकाशन के लिए नहीं’ असं लिहून द्या. एकच पत्र एकाच वेळी चार दैनिकांना धाडू नका. दहा दिवसांत छापलं नाही, तर ताजे आकडे घालून दुसऱ्याला पाठवा.

छापून आलं की कात्रणाची तारीख आणि जुना तक्रार क्रमांक जोडून नवी तक्रार त्याच दिवशी करा. मोटर सुरू झाली, तर त्याच स्तंभाला दोन ओळी पाठवा: कोणत्या तारखेला पाणी आलं आणि किती रोपं वाचली.